आजीच्या जाहिरातीतलं इडली-डोशाचं पीठ: थंडी ते श्रावण, सांगलीतला अनुभव

ही जाहिरात तुम्ही बहुतेक पाहिली असेल. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे काही बरं आणि काही वाईट असं दोन्ही लिहिणार आहे. शिवाय आजी दाखवून पीठ विकणारी ती एकटी राहिलेली नाही. गोष्ट थोडक्यात अशी. नात दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी शहरात निघणार आहे. संध्याकाळी आजी भिजलेले तांदूळ आणि उडीद डाळ दगडी रगड्यावर वाटते, त्यात मूठभर पोहे आणि चार मेथीदाणे टाकते, सगळं हाताने कालवते आणि पातेल्यावर फडकं टाकून म्हणते, "आता निजू दे त्याला. सकाळी आपलं आपण उठेल." मग शहरातला फ्लॅट, फ्रिजचं दार, पिठाचं पाकीट, वाफाळत्या इडल्या, आणि नातीचा फोन: "आजी, उठलं गं पीठ!" शेवटी कंपनीचं चिन्ह.

मराठीत ही जाहिरात नुसता आवाज बदलून आणली आहे. त्यामुळे आजीच्या दारात कोलमची रांगोळी आहे, अंगावर कांजीवरम् आहे आणि तोंडी मात्र सदाशिव पेठ. आमच्या सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "अगं, हिला इडली येते ते ठीक, पण ही बोलते कशी?" त्यांच्या पिढीतल्या सांगलीकरांना इडली भेटली ती उडप्याच्या हॉटेलात. घरातल्या आज्या आंबोळ्या करायच्या. तिथेही तांदूळ आणि उडीदच, पीठही आंबवलेलंच, पण वाफवायचं नाही आणि प्रमाण वेगळं. म्हणून आजीची रेसिपी या शब्दाने आमच्या घरात कुणाचा गळा दाटून आला नाही. आम्ही पीठ आणलं ते सकाळी साडेसातला मुलांचे डबे भरायचे असतात म्हणून, आणि आमचा मिक्सर डाळ वाटता वाटता तापतो म्हणून.

पण इतके महिने वापरल्यावर मला वाटतं, जाहिरातीतलं सगळ्यात खरं वाक्य "निजू दे त्याला" हेच आहे, आणि सगळ्यात मोठी गाळलेली जागाही त्याच्या लगेच पुढे आहे. आजीचं पीठ रात्रभर बाहेर राहिलं. नातीचं पीठ फ्रिजमधून निघून थेट वाफेवर गेलं. मधली रात्र कुठे गेली? मला या पिठाबद्दल जे काही सांगायचंय ते या गाळलेल्या रात्रीबद्दलच आहे.

पीठ फुगतं कशाने, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. उडदाच्या डाळीवर मुळातच काही जिवाणू असतात. त्यातला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइड्स. डाळ भिजली, वाटली गेली, थोडी ऊब मिळाली की ते पिठातली साखर खातात, आम्ल तयार करतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. हा वायू पिठात अडकून राहतो तो उडदातल्या चिकट द्रव्यामुळे आणि प्रथिनांमुळे. म्हणून नुसतं तांदळाचं पीठ आंबेल, पण इडलीसारखं फुगणार नाही. जाहिरातीत आजीचा हात पिठात फिरताना कॅमेरा फार जवळ जातो, जणू सगळी जादू त्या हातात आहे. हाताच्या उबेने आणि कालवण्याने थोडा फरक पडत असेल, पण फुगवण्याचं खरं काम डाळीवरच्या जिवाणूंचं. कारखान्यात कुणी हात घालत नाही, तरी पीठ आंबतंच. ते बरंच आहे.

या जिवाणूंना साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. पाकिटावर छापलेलं असतं की ४ अंशांच्या आसपास ठेवा. त्या थंडीत ते मरत नाहीत, फक्त फार सावकाश काम करतात. कंपनीला तेच हवं असतं. पीठ वाटून, पाकिटात भरून, लगेच थंड करून गाडीत टाकलं तर ते दुकानात पोचेपर्यंत पूर्ण आंबत नाही, आणि म्हणून टिकतं. म्हणजे तुम्ही आणता ते बऱ्याचदा अर्धवट आंबलेलं, थंडीने थोपवून धरलेलं पीठ असतं. उरलेलं आंबवणं कुणीतरी करायचंच असतं. आमच्या घरात ते मी करते, आणि जाहिरातीत ते कुणीच करत नाही.

जानेवारीत हे फार ठळकपणे कळलं. आमच्या दुकानदाराकडे गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. शुक्रवारी संध्याकाळी ताजं पाकीट आणलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि शनिवारी सकाळी पाकिटामागच्या सूचनेप्रमाणे "काढा आणि वाफवा" असं केलं. इडल्या झाल्या, पण चपट्या, घट्ट, दाताला चिकटणाऱ्या. पीठ खराब नव्हतं. ते उठलेलंच नव्हतं. शिवाय पीठ बर्फासारखं गार असलं की पात्रातल्या इडलीची कड आधी शिजते आणि मधला भाग मागे राहतो. दहा मिनिटांत व्हायची ती इडली चौदा-पंधरा मिनिटं घेते आणि तरी मध्ये ओलसर लागते.

मग पुढच्या शुक्रवारी पीठ रात्री नऊलाच बाहेर काढलं. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री बाहेर पारा पंधराच्या खालीही जातो, स्वयंपाकघर त्याहून थोडं उबदार, पण पंचवीसच्या जवळ नक्कीच नाही. चार अंशांचं किलोभर पीठ अशा खोलीत नुसतं गरम व्हायलाच अर्धी रात्र खातं. म्हणून पाकीट फोडून पीठ काचेच्या मोठ्या बरणीत ओतलं, बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास बसवली, आणि मग बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा चालू ठेवून आत ठेवली. ओव्हन पेटवायचा नाही, दिव्याची ऊब पुरते. बरणीत पीठ जिथपर्यंत होतं तिथे बाहेरून रबरबँड लावला. बरणी अर्ध्याहून जास्त भरू नका, नाहीतर सकाळी ओव्हन पुसत बसाल. सकाळी सहाला पीठ रबरबँडच्या वर चांगलं चार बोटं गेलं होतं, कडेला काचेतून बारीक बुडबुडे दिसत होते, आणि वासाला ताज्या ताकासारखा हलका आंबटपणा आला होता. त्याच पिठाच्या, त्याच कंपनीच्या, त्याच पात्रातल्या इडल्या ओळखू येईनात. सासूबाईंनी दोन बोटांनी दाबून बघितली आणि सोडली, ती परत वर आली. "आता झाली बघ इडली," म्हणाल्या.

तयार झालंय की नाही हे कळायला आणखी एक सोपी खूण आहे. वाटीत पाणी घेऊन त्यात पिठाचा अर्धा चमचा अलगद सोडायचा. तरंगला तर आत हवा धरली आहे, इडली करा. तळाला गेला तर आणखी तास-दोन तास थांबा. आणि उठलेलं पीठ डावाने घोटायचं नाही. रात्रभर जमलेला वायू दोन मिनिटांच्या ढवळण्यात निघून जातो. बरणीच्या वरून डाव घालून तसंच उचलायचं आणि पात्रात सोडायचं. आमच्याकडे आमचे हे मदतीच्या उत्साहात पीठ फेटतात, म्हणून इडलीच्या दिवशी त्यांना नारळ खवायला बसवते.

एप्रिल-मे आले आणि हाच हिशेब उलटा झाला. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, विश्रामबागेतल्या आमच्या वरच्या मजल्यावर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा रात्री पीठ नऊला बाहेर काढलं तर पहाटेपर्यंत ते उठून, माथ्यावर पोचून, परत खाली बसलेलं असतं. बरणीच्या काचेवर वर चढल्याचा डाग दिसतो आणि पीठ त्याच्या बरंच खाली. अशा पिठाच्या इडल्या आंबट होतात आणि पुन्हा चपट्याच होतात. दिसायला जानेवारीसारख्या, पण कारण नेमकं उलटं. वास घेतला की कोणती चपटी ते लगेच कळतं. उन्हाळ्यात मी पीठ पहाटे साडेचार-पाचला उठून बाहेर काढते आणि साडेसातला वाफवते. तेवढं उठणं होणार नसेल तर रात्री झोपताना काढून, पाण्याच्या परातीत बरणी उभी करून ठेवते. पाण्याने पीठ सावकाश तापतं आणि रात्र निभते.

जाहिरातीतल्या आजीला हे सगळं हाताने कळत असणार. तिच्या रेसिपीचा अवघड भाग प्रमाण नव्हताच, तो कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात मिळतो. अवघड भाग हा की आज उकाडा आहे तर कमी वेळ, आज गारठा आहे तर चुलीच्या जवळ. कंपनीने प्रमाण पाकिटात भरलं आणि हा भाग गिऱ्हाइकावर सोडला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो पाकिटात भरता येणारच नाही. पण मागच्या बाजूला "काढा आणि वाफवा" ऐवजी "हिवाळ्यात रात्रभर, उन्हाळ्यात दोन-तीन तास बाहेर ठेवा" एवढी एक ओळ छापायला काय लागतं?

आता पाकिटावर काय छापलंय तेही बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. आमच्या पाकिटावर पाणी, तांदूळ, उडीद डाळ, मीठ, मेथी असं आहे. पोहे नाहीत! जाहिरातीत आजीने मूठभर टाकलेले पोहे कारखान्यात पोचलेच नाहीत. घरी पोहे घालतात ते इडली मऊ राहावी म्हणून, ते नसले म्हणून काही बिघडत नाही, पण मग दाखवता कशाला? सोडा किंवा परिरक्षक मात्र यादीत नाही, आणि ही या पिठाची खरी जमेची बाजू. आंबवणं अर्धवट असतानाही इडली फुगावी म्हणून काही ठिकाणी पिठात खायचा सोडा टाकतात. अशी इडली किंचित पिवळट दिसते आणि जिभेवर साबणासारखी चव मागे ठेवते. या पिठाची इडली पांढरी निघते आणि तशी चव कधी लागली नाही.

पाकिटावर "घरगुती" हा शब्द कुठेही नाही, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत कारखान्यातल्या मालाला घरी बनवल्याचा गैरसमज करून देणारे शब्द वापरायला मनाई आहे, आणि "पारंपरिक" म्हणायचं तर ती कृती पिढ्यांपासून फारशी न बदलता चालत आलेली असावी लागते. म्हणून बहुधा जाहिरात शब्दांत काही दावा करत नाही, ती गोष्ट सांगते. आजी, रगडा, फडकं असं सगळं चित्रात. पाहणारा मनातल्या मनात "घरगुती" म्हणून मोकळा होतो.

डोशाबद्दल मात्र कौतुकच आहे. इडली आणि डोसा एकाच पिठाचे, असं पाकिटावर असलं तरी दोघांना लागतं वेगळं. इडलीला साधारण चार भाग उकडा तांदूळ आणि एक भाग उडीद, तांदूळ किंचित रवाळ वाटलेला, पीठ दाट. डोशाला उडीद जरा जास्त, तीनास एक, आणि वाटण मऊ. ही कंपनी मऊच वाटते. त्यामुळे इडली चांगली उठली तरी तिच्यात तो हलका रवाळपणा येत नाही, खाताना एकसंध लागते. डोशाला तीच गोष्ट फायद्याची ठरते. मी पाकिटाचे दोन भाग करते. आणल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी इडली, आणि उरलेलं फ्रिजमध्येच ठेवून चौथ्या-पाचव्या दिवशी डोसे. तोवर थंडीतही पीठ हळूहळू आंबत गेलेलं असतं, आणि आंबताना सुट्या झालेल्या साखरेमुळे डोसा तव्यावर छान तांबूस होतो. पहिल्या दिवशीचा डोसा पांढराफटक राहतो, कितीही वेळ ठेवला तरी.

डोशासाठी पीठ अर्धा तास बाहेर ठेवून, लागेल तेवढंच पाणी घालून सैल करायचं. तवा आधी चांगला तापवून, त्यावर पाणी शिंपडून कापडाने पुसायचा, मग गॅस बारीक करून पीठ ओतायचं. धूर निघणाऱ्या तव्यावर ओतलं तर पीठ डावाबरोबर गोळा होऊन येतं आणि दोष पिठाला लागतो. पसरून झालं की आच मोठी, कडेने तेल. जाळी पडली नाही तर पीठ अजून गार आहे किंवा पुरतं आंबलेलं नाही. शेवटचं वाटीभर पीठ आंबट झालेलं असतं, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून उत्तप्पा. आंबटपणा कांद्याबरोबर चांगला लागतो. एकदा त्याच्या आंबोळ्या करून बघितल्या, सासूबाईंनी एक खाल्ली आणि बाकीच्यांना डोसेच म्हणायला सांगितलं.

सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं ते पाकीट निवडताना, आणि याचा संबंध कंपनीपेक्षा वाटेतल्या थंडीशी आहे. पुण्याहून सांगलीपर्यंत गाडी, मग दुकानाचा फ्रिज, मग आपली पिशवी. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्या भागातली वीज तासन् तास जाते. आमच्या गल्लीतल्या एका दुकानात तर रात्री फ्रिज बंदच करतात, हे त्यांच्याच पोराने सांगितलं. अशा दुकानातलं पाकीट तारखेने ताजं असतं, पण हातात घेतलं की टम्म फुगलेलं. याचा अर्थ एकच, ते कुठेतरी गरम झालंय आणि आतच आंबून घेतलंय. ते विषारी झालेलं असतं असं नाही, पण त्यातला वायू पिशवीत गेला, पिठात राहिला नाही. इडली होणार नाही, आंबट डोसे होतील. उलट जुन्या तारखेचं पाकीट मऊ आणि सपाट असेल तर ते थंडीत नीट सांभाळलेलं असतं. मी तारीख बघते, पण बोटाने पाकीट दाबून आधी बघते. काही पाकिटांना वायू बाहेर जायला बारीक झडप असते, ती फुगत नाहीत. तिथे झडपेपाशी नाक न्यायचं. दुकानदार बघत असला तरी न्यायचं.

घरी आणल्यावर वर थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, डोशासाठी ढवळून घ्या. पण गुलाबी, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, वास आंबट न येता कुजका आला, तर वरवरचं काढून खालचं वापरू नका, सगळं टाका. माझ्या बाबतीत असं उन्हाळ्यात घडलं आहे. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिलं, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर मात्र तक्रार नोंदवल्याचा निरोप तेवढा आला.

पैशांचं बोलायचं तर किलोचं पाकीट नव्वदच्या आसपास पडतं, त्यात मध्यम आकाराच्या सोळा-अठरा इडल्या होतात. किलोभर पिठात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. घरी तेवढंच पीठ करायला तीनेकशे ग्रॅम तांदूळ आणि पाऊणशे ग्रॅम उडीद लागतो, आजच्या भावाने तीस रुपयांच्या आत. म्हणजे जास्तीचे साठ रुपये वाटण्याचे, गाडीच्या थंडीचे आणि आजीच्या जाहिरातीचे. वाटण्याचे मी आनंदाने देते. ज्यांच्याकडे ग्राइंडर आहे आणि रविवारी वेळ आहे त्यांनी घरीच करावं, त्यांना रवाळ इडलीही मिळेल.

सध्या आमच्याकडे शुक्रवारच्या गाडीचंच पाकीट येतं, मंगळवारचं नाही, कारण इडली शनिवार-रविवारीच होते आणि चार दिवस जुन्या पिठाची इडली मला पटत नाही. श्रावणात उपवास आणि सण एकामागोमाग असल्याने पाकीट फोडून अर्धं तसंच राहतं. अशा वेळी उरलेलं पीठ डब्यात काढून, वर थोडी जागा ठेवून, फ्रिजच्या सगळ्यात आतल्या बाजूला ठेवा. दारातल्या कप्प्यात ठेवलं तर प्रत्येक वेळी दार उघडलं की ते थोडं गरम होतं आणि दोन दिवस आधी आंबतं.